पूर्ववाचन टिपण

पूर्ववाचन टिपण म्हणजे वरिष्ठ व्यवस्थापनाच्या किंवा संचालक मंडळाच्या बैठकीसाठी, सरकचित्रांऐवजी (स्लाइड्स) सलग गद्यात लिहून सदस्यांना आधी दिलेला दस्तऐवज होय. बैठकीत तो वाचून दाखवला जात नाही; तिथे केवळ निर्णयासाठी आवश्यक चर्चा होते.

ॲमेझॉन कंपनीत जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट सादरीकरणे बंद केली. त्यांऐवजी साधारण सहा पानांचे टिपण बैठकीच्या आरंभी सर्वांनी शांतपणे वाचण्याची पद्धत तिथे रूढ झाली. भारतात कंपनी कायदा, २०१३ नुसार संचालक मंडळाच्या सभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते. महाराष्ट्रातील सहकारी संस्थांना विषयपत्रिका व टिपणी नवी नाहीत. तरी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय मोठ्याने वाचण्याची जुनी सवय दाखवतो.

सातारा-सांगली भागातील एखाद्या साखर कारखान्याचे काल्पनिक उदाहरण घेता येईल. दैनिक गाळप क्षमता ५,००० टनांवरून ६,००० टन करण्याचा प्रस्ताव आहे. ऊस ७ लाख २० हजार टन मिळाल्यास हंगाम १४४ दिवसांऐवजी १२० दिवसांत संपतो. सरकचित्रावर 'हंगामात २४ दिवसांची बचत' एवढेच उरते. टिपणात मात्र पुढचे वाक्य लिहावेच लागते: ऊस ५ लाख ४० हजार टनच आला, तर जुन्या क्षमतेनेही गाळप १०८ दिवसांत आटोपते, बचत १८ दिवसांवर येते आणि कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठचा ऊस पाण्याखाली गेला होता, हे लक्षात घेता ही शक्यता दूरची नव्हे. ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत उत्पादकाला पैसे देण्याचे बंधन असल्याने हप्त्याचा ताण रोख रकमेवर कधी येतो, हेही टिपणात यावे.

बैठकीत प्रत्यक्ष मांडायचे ते थोडेच. टिपण पाठवल्यानंतर बदललेली ऊसनोंद, शेती अधिकारी व वित्त विभाग यांच्यात ज्या अंदाजावर मतभेद आहे तो, आणि मंडळाने ठरवायचा नेमका प्रश्न. यंत्रांची जागा दाखवणारा आराखडा पडद्यावर दाखवणे योग्य. तक्ते पुन्हा वाचणे व्यर्थ.

टिपण वाचले गेलेले नाही, हे पहिल्याच प्रश्नांवरून कळते: त्यांची उत्तरे पहिल्या दोन पानांतच असतात. अशा वेळी सादरकर्त्याने सर्व काही पुन्हा सांगितल्यास पुढच्या वेळी वाचून येणाऱ्यांची संख्या घटते. त्यापेक्षा वीस मिनिटे शांत वाचनाला देणे बरे. मराठी व इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या मंडळात टिपण मराठीत असणे हाही वाचले जाण्याचा प्रश्न आहे. गोपनीय दरांची माहिती असलेले टिपण मात्र आगाऊ न वाटता बैठकीतच वाचावयास देतात.