टेझर : एकतीस सेकंदांचा इतिहास

१/
१४ ऑक्टोबर २००७, मध्यरात्र उलटून दीड वाजण्याचा सुमार. कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर रॉबर्ट जेकान्स्की हा चाळीस वर्षांचा पोलिश प्रवासी आगमनकक्षात अडकून पडला होता. पोलिशखेरीज दुसरी भाषा त्याला येत नव्हती आणि विमान उतरून दहा तास होत आले होते. आई त्याला न्यायला आली होती. पण तो सापडत नाही असे समजून ती परत गेली होती. थकव्याने आणि भीतीने तो सामानाची आदळआपट करू लागला, तेव्हा चार पोलीस आले. अर्ध्या मिनिटाच्या आसपास त्याच्यावर टेझर चालवला गेला. काही मिनिटांत तो मरण पावला.

२/
या शस्त्राची ख्याती ‘जीव न घेणारे’ अशी होती. मग असे का घडले? उत्तर शोधायचे तर हे यंत्र कोणी आणि कशासाठी बनवले, ते शरीरात नेमके काय करते आणि ते कधी चालते, कधी चालत नाही, हे क्रमाने पाहावे लागते.

३/
टेझरचे जनक जॅक कव्हर हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ. अपोलो चांद्रमोहिमेशी संबंधित कंपनीत त्यांनी काम केले होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विमान-अपहरणांची लाट आली. उडत्या विमानात बंदूक चालवणे धोक्याचे. म्हणून माणसाला जखमी न करता जागीच खिळवून ठेवणारे साधन हवे होते. अशात विजेच्या कुंपणाला चिकटून काही काळ हालचाल गमावलेल्या, पण जिवंत राहिलेल्या एका माणसाची बातमी त्यांच्या वाचनात आली. कल्पनेचे बीज तेथे पडले. १९७४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. नावही त्यांनी बालपणीच्या वाचनातून घेतले : टॉम स्विफ्ट या कादंबरी-नायकाच्या १९११ सालच्या पुस्तकातील ‘इलेक्ट्रिक रायफल’ची आद्याक्षरे, उच्चारता यावीत म्हणून मध्ये एक ‘ए’ घातलेली.

४/
कव्हर यांचे पहिले यंत्र दारूच्या स्फोटाने बाण फेकत असे. त्यामुळे अमेरिकी सरकारने त्याला बंदुकांच्या वर्गात टाकले आणि सर्वसामान्य विक्री जवळजवळ बंद पडली. १९९३ मध्ये रिक आणि टॉम स्मिथ या बंधूंनी कव्हर यांच्या साहाय्याने दारूऐवजी दाबाखालील नायट्रोजन वायू वापरला. कायद्याची ती अडचण दूर झाली. पण दुसरी उरली. सुरुवातीचे यंत्र सुमारे ७ वॅटचे होते आणि जिद्दी माणूस वेदना सहन करून पुढे येऊ शकत असे. १९९९ मध्ये २६ वॅटचे ‘एम२६’ आले, २००३ मध्ये आटोपशीर ‘एक्स२६’. पुढील आकडे याच एक्स२६ चे आहेत.

५/
घोडा दाबला की बारीक तारांना जोडलेले दोन बाण सुटतात. दोन्ही रुतले की एकातून निघालेली वीज शरीरातून दुसऱ्याकडे जाते आणि मंडल पूर्ण होते. ही वीज अखंड वाहत नाही. ती ठोक्यांनी येते. सेकंदाला सुमारे १९ ठोके, आणि प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका अल्प. एका ठोक्यात साधारण १०० मायक्रोकूलोंब विद्युत्भार असतो. १९ ने गुणले तर सरासरी प्रवाह जेमतेम २ मिलिअँपिअर भरतो. घोडा एकदा दाबून सोडला की हे चक्र पाच सेकंद चालते.

६/
एवढ्याशा विजेने धडधाकट माणूस कसा कोसळतो? बेडकाच्या पायाला ठिणगीने झटका बसतो, हे गॅल्व्हानी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवले होते. स्नायूला आदेश मज्जातंतूतून विद्युत्संदेशाने येतो, आणि टेझर तोच संदेश बाहेरून, सतत आणि निरर्थक पाठवत राहतो. एक आकुंचन सैल पडण्याआधी दुसरा ठोका येतो. स्नायू ताठरतात, इच्छेचा त्यांच्यावर ताबा राहत नाही. माणूस शुद्धीवर असतो, पण शरीर ऐकत नाही.

७/
ठोका इतका आखूड असण्यामागे हेतू आहे. मज्जातंतू अतिशय अल्प ठोक्यालाही प्रतिसाद देतात. हृदयाच्या स्नायूला उत्तेजित होण्यासाठी वीज अधिक काळ टिकावी लागते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा भेद ओळखीचा आहे. रानडुकरांसाठी लावलेले सौर ‘झटका मशीन’ क्षणभराचा ठोका देऊन थांबते, जनावर मागे उडते आणि जगते. त्याच तारेत कोणी घरगुती वीज सोडली तर ती थांबत नाही. तिचा प्रत्येक अर्धा फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका, म्हणजे टेझरच्या ठोक्याच्या शंभरपट लांब असतो. अशा तारेला चिकटून माणसे आणि वाघही मेले आहेत. टेझरची सुरक्षितता या फरकावर उभी आहे. मात्र हा फरक म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. ते केवळ अंतर आहे.

८/
आता पन्नास हजार व्होल्टची गोष्ट. हा आकडा भीतिदायक वाटतो. पण तो शरीरासाठी नसून हवेसाठी आहे. बाण कातडीत न रुतता कपड्यात अडकला तर मधली पोकळी ओलांडायला ठिणगी लागते आणि ठिणगीला उच्च दाब लागतो. पोकळी ओलांडली की दाब सुमारे १२०० व्होल्टपर्यंत उतरतो. दोन्ही बाणांपाशी मिळून साधारण पाच सेंटिमीटर पोकळी ठिणगी पार करते. त्यापुढे वीज पोहोचतच नाही.

९/
म्हणून कपडा निर्णायक ठरतो. अंगाला चिकटलेला सुती सदरा फारसा अडथळा नाही. परंतु बाणाची सुई सुमारे एक सेंटिमीटरची. सैल, जाड हिवाळी कोटात ती झोलातच राहते. माणूस वळला की झोल हलतो, अंतर वाढते, झटका तुटतो आणि पुन्हा लागतो. एकच बाण लागला आणि दुसरा चुकला तर मंडल पूर्ण होत नाही, परिणाम शून्य. ही चूक कानांनी ओळखता येते. नीट जोडलेले यंत्र जवळजवळ शांत असते. ठिणग्यांचा मोठा कडकडाट ऐकू आला तर वीज शरीरात न जाता हवेत जळत आहे असे समजावे. नाट्यमय आवाज हे बहुधा अपयशाचे लक्षण असते.

१०/
दुसरा निर्णायक घटक म्हणजे बाणांमधील अंतर. खालचा बाण ८ अंश झुकवून सोडलेला असतो, त्यामुळे अंतर वाढते तशी फाकही वाढते : एका मीटरवर सुमारे १४ सेंटिमीटर, दोनवर २८, पाचवर ७०. फाक मोठी असेल तर मोठे स्नायुसमूह वाटेत येतात आणि माणूस कोसळतो. अगदी जवळून मारल्यास थोडेच स्नायू सापडतात. यंत्राचे तोंड थेट अंगाला टेकवले, तर दोन टोकांत केवळ चार सेंटिमीटर उरतात. तेव्हा वेदना तीव्र होते, पण शरीर खिळत नाही. वेदनेने तडफडणारा माणूस पाहणाऱ्याला ‘प्रतिकार करणारा’ वाटतो आणि घोडा पुन्हा दाबला जातो.

११/
व्हँकुव्हरमध्ये हेच घडल्याचे दिसते. यंत्राच्या स्मृतीत पाच वेळा घोडा दाबल्याची नोंद सापडली, एकूण ३१ सेकंद. पहिले दोन झटके बाणांनी, उरलेले तीन यंत्र अंगाला टेकवून. जेकान्स्की खाली पडल्यावरही झटके थांबले नाहीत. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा : ती नोंद घोडा किती वेळ दाबला गेला हे सांगते, शरीरातून वीज किती वेळ गेली हे सांगत नाही. नंतरच्या यंत्रांत प्रत्येक ठोक्याचा विद्युत्भारही नोंदवण्याची सोय आली. एका प्रवाशाने केलेले चित्रीकरण मात्र पोलिसांच्या पहिल्या निवेदनाशी जुळत नव्हते.

१२/
निवृत्त न्यायाधीश थॉमस ब्रेडवूड यांच्या चौकशी आयोगाने २०१० च्या अहवालात निष्कर्ष काढला की टेझरचा वापर समर्थनीय नव्हता, आणि वारंवार दिलेले झटके व पोलिसांशी झालेली झटापट यांचा मृत्यूस मोठा हातभार लागला. चौकशीत खोटी साक्ष दिल्याबद्दल चारांपैकी दोन अधिकारी पुढे दोषी ठरले. प्रत्यक्ष इजा होत असेल वा लगेच होण्याचा धोका असेल तेव्हाच हे शस्त्र वापरावे आणि सामान्यतः पाच सेकंदांवर थांबावे, असे आयोगाने सुचवले होते.

१३/
मर्यादा अशा अनुभवांतून आखल्या गेल्या. २०११ मधील अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी एकूण १५ सेकंदांपलीकडे धोका वाढू शकतो असे बजावले. बाण छातीत, हृदयाजवळ रुतला तर वीज त्याच्या अगदी निकटून जाते; म्हणून २००९ मध्ये निर्मात्या कंपनीनेच शक्यतो छाती टाळण्याची सूचना दिली. हृदयतज्ज्ञ डग्लस झाइप्स यांनी २०१२ मध्ये एक्स२६ च्या झटक्यानंतर कोसळलेल्या आठ जणांची प्रकरणे मांडली. उंचीवर किंवा पाण्याजवळ असलेल्या माणसावर टेझर वापरू नये, कारण ताठरलेले शरीर तोल सावरू शकत नाही. पेट्रोल वा अल्कोहोलयुक्त फवारा जवळ असेल तर तीच ठिणगी आग लावते. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि कृश व्यक्ती यांच्याबाबत विशेष सावधगिरी सांगितलेली आहे.

१४/
कव्हर यांना विमानातील बंदुकीला पर्याय हवा होता. गोळीच्या जागी टेझर आला तेथे त्याने जीव वाचवले असतील. पण व्हँकुव्हरच्या रात्री तो बंदुकीच्या जागी आला नव्हता, दुभाष्याच्या जागी आला होता. यंत्राचा ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात संपतो. तो किती वेळा पुन्हा द्यायचा, हे मात्र घोड्यावरचे बोट ठरवते.