१०.१३ ची वंशावळ

भोसरीतल्या आमच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये परवा एक अ‍ॅक्सेलरोमीटर आला. सुपारीएवढा, स्टीलचा, खाली स्टडसाठी आटे पाडलेलं भोक, बाजूला केबल लावायची जागा. संध्याकाळी त्याच्या सर्टिफिकेटवर आकडा पडला: १०.१३ मिलिव्होल्ट, प्रति मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे एवढ्या एका एककाचं त्वरण मिळालं की हा सेन्सर १०.१३ मिलिव्होल्ट देतो. उद्या चाकणमध्ये एखाद्या गिअरबॉक्सवर बसून तो जे काही सांगेल, त्याचा अर्थ याच आकड्यावरून लावला जाईल. हा आकडा मुळात येतो कुठून, हे एकदा मागे मागे जात बघावं असं बरेच दिवस मनात होतं.

पहिला पूर्वज आमच्याच शेकरवर बसलेला आहे. शेकर म्हणजे लाउडस्पीकरचा थोरला भाऊ: चुंबकाच्या फटीत कॉइल, आणि पडद्याऐवजी छोटं टेबल. त्या टेबलावर आमचा संदर्भ अ‍ॅक्सेलरोमीटर, आणि त्याच्या माथ्यावर ग्राहकाचा सेन्सर, पाठीला पाठ लावून. मध्ये स्टड, दोन्ही पृष्ठभागांवर तेलाचा पुसट थर, आणि टॉर्क पान्याने सुमारे २ न्यूटन-मीटरची कस. शेकर १६० हर्ट्झवर चालवला. संदर्भाने १००.५ मिलिव्होल्ट दाखवले. त्याची स्वतःची सेन्सिटिव्हिटी १०.०५, म्हणजे त्वरण झालं १०. त्याच वेळी ग्राहकाच्या सेन्सरवर १०१.३ मिलिव्होल्ट होते. दहाने भागले, १०.१३ आले. दोन्ही मीटर आरएमएसवर आहेत ना, हे मात्र आधी बघायचं. एक आरएमएसवर आणि दुसरा पीकवर राहिला, तर उत्तर ४१ टक्क्यांपर्यंत चुकतं.

या पद्धतीतली गंमत अशी की शेकरने नेमकं १० च द्यावं अशी गरजच नाही. ९.७ दिलं असतं तर दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात उतरले असते आणि गुणोत्तर जागचं हललं नसतं. दोघं एकसारखे हलले, एवढी एकच खात्री हवी. आमचं सगळं कसब त्या खात्रीसाठी खर्ची पडतं.

१६० हर्ट्झला ती खात्री सहज मिळते, कारण १० च्या त्वरणासाठी टेबल सुमारे १० मायक्रॉन हलत असतं. पण तेच त्वरण ५००० हर्ट्झला हवं असेल, तर हालचाल उरते १० नॅनोमीटर. एवढ्याशा हालचालीत स्टडची किंचित ढिलाईसुद्धा मोजमापात डोकावते. मी नवीन असताना एका लॅबमध्ये एका सेन्सरचा आलेख ४००० हर्ट्झनंतर असा वर चढला की मी तो सेन्सर बिघडल्याचं लिहूनही टाकलं. वरिष्ठांनी तो उतरवून तळावरून नख फिरवायला सांगितलं. भोकाच्या कडेला धातूचं बारीक कुसळ उभं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, नखाला लागलं. ते घासून काढलं, सेन्सर परत कसला आणि आलेख सपाट झाला. १६० हर्ट्झचा आकडा मात्र कुसळ असतानाही तोच होता आणि नसतानाही तोच. म्हणून एका फ्रिक्वेन्सीचं सर्टिफिकेट मला अपुरं वाटतं. शंका आली की सेन्सर उतरवायचा, परत बसवायचा आणि परत मोजायचं: वळण बदललं तर दोष बसवण्यात, तसंच राहिलं तर सेन्सरमध्ये.

याच कारणाने संदर्भ सेन्सर आतून उलटा बांधतात. त्याचा क्वार्ट्झचा स्फटिक तळावर न ठेवता माथ्याला आतून टांगलेला असतो, म्हणजे जिथे दुसरा सेन्सर टेकतो त्याच जागेची हालचाल तो मोजतो. तरीही वरचा सेन्सर जड असेल, तर काही हजार हर्ट्झच्या पुढे दुरुस्ती धरावी लागते.

आता त्या १०.०५ चा बाप कोण? पाठीला पाठ लावून तो आणखी वरच्या संदर्भाशी ताडला जातो, आणि ही साखळी आपल्या देशात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. अशा प्राथमिक पातळीवर दुसरा सेन्सर नसतोच, लेसर असतो. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ०.६३२८ मायक्रॉन. हलणाऱ्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळला की पृष्ठभागाच्या दर अर्ध्या तरंगलांबीच्या हालचालीला एक उजेड-अंधाराचा पट्टा सरकतो. आपल्या १६० हर्ट्झच्या हालचालीत टेबल एका आवर्तनात एकूण ५६ मायक्रॉन ये-जा करतं, म्हणजे सुमारे १७७ पट्टे. पट्टे मोजले की अंतर कळलं, फ्रिक्वेन्सी माहीत असली की त्वरण कळलं.

लेसर येण्याआधी हलणारा ठिपका सूक्ष्मदर्शकातून बघून त्याची रेघ मोजत. १० मायक्रॉनला ते जमे, त्याहून बारीक हालचालीला रेघ दिसेनाशी होई. १९५६ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये लेव्ही आणि बूश यांनी रेसिप्रॉसिटीची पद्धत मांडली. तिच्यात अंतर न मोजता विद्युत मोजमापांवरून आणि ज्ञात वजनांवरून सेन्सिटिव्हिटी काढता येते.

पण हा सगळा खटाटोप सुरू झाला तो स्फटिकामुळे. दाबल्यावर स्फटिकातून वीज निघते हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं, आणि १९४० च्या दशकात डेन्मार्कच्या ब्रुएल अँड केअरने त्यावर चालणारे अ‍ॅक्सेलरोमीटर विकायला काढले. स्फटिकाचा एकच अवगुण: स्थिर दाबावर त्याची वीज झिरपून जाते. जो हलत नाही, त्याच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून त्याला हलवणारा शेकर लागतो.

त्याच्या आधीच्या पिढीला शेकरची गरज नव्हती. १९२३ मध्ये मॅकोलम आणि पीटर्स यांनी कार्बनच्या चकत्यांचं उपकरण केलं, तिथे दाबाने विद्युत रोध बदलत असे. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची उपकरणंही होती. अशा उपकरणाची परीक्षा सोपी: आडवं ठेवा, मग तिरपं करा, गुरुत्वाकर्षणाचा माहीत असलेला वाटा त्याला मिळतो. पृथ्वीच मानक. त्या काळातून आलेलं ‘जी’ आजही आमच्या कागदांवर आहे, १०.१३ म्हणजे प्रति जी ९९.३ मिलिव्होल्ट. हा जी १९०१ साली ९.८०६६५ ठरवला गेला. पुण्याचा खरा जी सुमारे ९.७८ आहे, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी बसून तिरपं करण्याची परीक्षा केली आणि ९.८०६६५ धरलं, तर जवळपास पाव टक्का चूक तिथेच आली. अर्धा-एक टक्क्याची अनिश्चितता सांगणाऱ्या लॅबला ती सोडून देता येत नाही.

या वंशावळीतली मला सर्वात जवळची नोंद पुण्याच्या दक्षिणेला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा धरणात एक अ‍ॅक्सेलरोग्राफ होता. आत टांगलेलं वजन, त्याच्यावर आरसा, आणि आरशावरून परतलेल्या उजेडाची रेघ प्रकाशसंवेदी कागदावर. धरणाचा हिशेब ०.०५ जी धरून केलेला होता. कागदावरची सर्वात उंच रेघ सेंटीमीटरमध्ये मोजली, प्रति जी किती सेंटीमीटर या त्या यंत्राच्या आकड्याने भागली, आणि धरणाच्या लांबीच्या दिशेला ०.६३ जी आलं.