विक्रीच्या आकड्यांची तीन महिन्यांची सरासरी: पहिल्या दोन ओळींत काय लिहायचं?

दुकानाची महिन्याची विक्री सरळ रेषेत कधीच जात नाही. एका महिन्यात लग्नसराई असते, दुसऱ्यात सलग पाऊस, तिसऱ्यात दिवाळी. आलेख बघून धंदा वाढतोय की नुसताच वर-खाली होतोय, हे कळत नाही. त्यावरचा जुना उपाय म्हणजे सरकती सरासरी. प्रत्येक महिन्यासमोर तो महिना आणि त्याआधीचे दोन, अशा तिघांची सरासरी लिहायची. पुढच्या महिन्यात सर्वात जुना आकडा बाहेर जातो आणि नवा आत येतो.

उदाहरणासाठी एक काल्पनिक कपड्यांचं दुकान घेऊ. विक्री लाख रुपयांत आहे.

| महिना (२०२४) | विक्री | सरासरी |
|---|---|---|
| एप्रिल | ६.० | ? |
| मे | ४.८ | ? |
| जून | ५.१ | ५.३ |
| जुलै | ४.२ | ४.७ |
| ऑगस्ट | ५.७ | ५.० |
| सप्टेंबर | ६.३ | ५.४ |
| ऑक्टोबर | १२.० | ८.० |
| नोव्हेंबर | ६.० | ८.१ |
| डिसेंबर | ५.४ | ७.८ |

एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत शीर्षकं आणि `B` स्तंभात विक्री असेल, तर जूनसमोर `C4` मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढायचं:

```
=AVERAGE(B2:B4)
```

प्रश्नचिन्हांच्या जागी काय?

एप्रिल आणि मेच्या मागे पुरेसे महिनेच नाहीत. इथे सर्वात वाईट चूक म्हणजे नसलेले महिने शून्य धरून तिनाने भागणं. तसं केलं तर एप्रिल २.०, मे ३.६ आणि जून ५.३ येतात. आलेखात दुकान तीन महिन्यांत अडीचपटीहून जास्त वाढलेलं दिसतं. प्रत्यक्षात एप्रिलपेक्षा जूनची विक्री कमीच आहे!

दुसरा मार्ग म्हणजे जेवढे महिने आहेत तेवढ्यांचीच सरासरी: एप्रिल ६.०, मे ५.४. हे चुकीचं नाही, पण एप्रिलचा आकडा सरासरी नसून कच्ची विक्रीच आहे. त्या महिन्यात योगायोगाने मोठी ऑर्डर आली असेल, तर ती जशीच्या तशी दिसणार. त्यामुळे असे आकडे दाखवायचेच असतील तर तुटक रेषेने दाखवावेत.

आधीच्या फेब्रुवारी-मार्चचे आकडे वहीत किंवा जीएसटीच्या विवरणपत्रांत असतील, तर तेच वर जोडावेत. सर्वात चांगला उपाय हाच. ते नसतील तर दोन्ही जागा रिकाम्या सोडाव्यात. रिकामी जागा बघायला बरी वाटत नाही, पण ती खोटं बोलत नाही.

एक्सेल इथे गुपचूप फसवू शकतं. `C4` मधलं सूत्र एक ओळ वर ओढलं की ते `B1:B3` होतं. `B1` मध्ये ‘विक्री’ हा शब्द आहे. `AVERAGE` शब्द सोडून देतं आणि कोणतीही सूचना न देता दोनच महिन्यांची सरासरी, म्हणजे ५.४ दाखवतं. शीर्षकाच्या जागी नुसतं 2024 असेल, तर तेही विक्री म्हणून मोजलं जातं. म्हणून `C4` मध्ये हे सूत्र जास्त सुरक्षित:

```
=IF(COUNT(B2:B4)=3, AVERAGE(B2:B4), NA())
```

तीन आकडे नसतील तिथे `#N/A` येतं आणि रेषेच्या आलेखात तिथे शून्याचा ठिपका पडत नाही. पायथनच्या पांडाजमध्ये `rolling(3).mean()` पहिल्या दोन ओळी आपोआप रिकाम्या ठेवतं. `min_periods=1` लिहिलं तर मात्र अपुऱ्या महिन्यांचीही सरासरी निघते. दोन दुकानांचे आकडे एकाखाली एक असतील, तर दुसऱ्याच्या पहिल्या ओळींत पहिल्या दुकानाचे शेवटचे महिने मिसळतात. तिथे प्रत्येक दुकानासाठी हिशेब नव्याने सुरू करावा.

नोव्हेंबरचा आकडा नीट बघा

नोव्हेंबरमध्ये विक्री निम्मी झाली, तरी सरासरी ८.० वरून ८.१ झाली. कारण ऑगस्टचे ५.७ बाहेर गेले आणि ६.० आत आले. दिवाळीचे १२.० अजून आतच आहेत. जानेवारीत ते बाहेर पडतील. तेव्हा विक्री डिसेंबरइतकीच, ५.४ राहिली तरी सरासरी ७.८ वरून थेट ५.६ वर येईल. ती घसरण जानेवारीची नाही, दिवाळी संपल्याची आहे, आणि ती दोन महिने उशिरा दिसते.

याच गुणाचा एक फायदाही आहे. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. त्यामुळे खरेदीचा मोठा भाग ऑक्टोबरमध्ये सरकला आणि नुसत्या ऑक्टोबरची तुलना फसवी ठरते. डिसेंबरसमोरच्या सरासरीत ऑक्टोबर ते डिसेंबर हे तिन्ही महिने येतात, म्हणजे दोन्ही वर्षांची दिवाळी आत असते. मागच्या वर्षाशी तुलना करायची असेल, तर तोच आकडा घ्यावा.