पुरवठा करारातील लेखापरीक्षण व तपासणी हक्क

पुरवठा करारातील लेखापरीक्षण व तपासणी हक्क म्हणजे पुरवठादाराचे हिशेब, अभिलेख, उत्पादनप्रक्रिया किंवा जागा तपासण्याचा, खरेदीदाराला कराराने मिळणारा हक्क होय. मोठ्या कंपन्यांच्या छापील करारनाम्यांत या हक्काचे कलम बहुधा असतेच. लहान पुरवठादाराच्या दृष्टीने हे कलम महत्त्वाचे ठरते. कारण त्याच्या मार्गाने नफ्याचे प्रमाण, इतर ग्राहकांची माहिती आणि उत्पादनातील खास पद्धती खरेदीदारापर्यंत पोहोचू शकतात. हा हक्क पूर्णपणे नाकारणे सहसा शक्य नसते. मात्र तो ज्या कारणासाठी मागितला जातो, त्या कारणापुरताच मर्यादित ठेवता येतो.

## कायदेशीर आधार

भारतात माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ नुसार, न पाहता घेतलेला माल कराराप्रमाणे आहे की नाही हे तपासण्याची वाजवी संधी खरेदीदाराला मिळते. ही तरतूद मालापुरतीच आहे. पुरवठादाराच्या कारखान्यात येण्याचा किंवा त्याच्या वह्या पाहण्याचा हक्क तिच्यातून मिळत नाही. तो करारात लिहावा लागतो, आणि म्हणूनच त्याची व्याप्ती करारातील शब्दांवर अवलंबून असते.

शासकीय तपासणी यापेक्षा वेगळी असते. वस्तू व सेवा कर विभागाचे अधिकारी किंवा कारखाना निरीक्षक यांचे अधिकार कायद्याने दिलेले असतात. खाजगी करारातील मर्यादांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

## प्रकार

या हक्काचे व्यवहारात तीन प्रकार आढळतात. पहिला गुणवत्ता तपासणीचा. यात यंत्रे, मोजमाप साधने, प्रक्रिया व नोंदी पाहिल्या जातात. वाहन उद्योगात आयएटीएफ १६९४९ या मानकामुळे पुरवठादारांच्या अशा तपासण्या नेहमीच्या झाल्या आहेत. दुसरा हिशेब तपासणीचा. यात देयकातील रक्कम कराराप्रमाणे आहे का, हे पाहिले जाते. तिसरा माहितीच्या सुरक्षिततेचा असून पुरवठादार खरेदीदाराच्या ग्राहकांची माहिती हाताळत असेल तेव्हा तो लागू होतो.

छापील कलमात हे तिन्ही प्रकार बहुधा एकाच वाक्यात गुंफलेले असतात. ते वेगळे करणे ही मर्यादा घालण्याची पहिली पायरी असते. गुणवत्तेसाठी आलेल्या अभियंत्याला विक्रीची खातेवही पाहण्याचे कारण नसते. तसेच हिशेब पाहणाऱ्याला यंत्रावरील जोडणीची छायाचित्रे घेण्याचे कारण नसते.

## किंमत ठरविण्याची पद्धत आणि हिशेब

हिशेब तपासणीचा हक्क किती असावा, याचे उत्तर किंमत कशी ठरली आहे यात असते. किंमत नगावर निश्चित असेल, तर खरेदीदाराला फक्त नगांची संख्या आणि दर पडताळायचा असतो. त्यासाठी खरेदी आदेश, वितरण चलन व देयके पुरेशी असतात. उत्पादनखर्च पाहण्याची गरज उरत नाही. काम तासांवर मोजले जात असेल, तर तासांच्या नोंदी दाखवाव्या लागतात, पण कामगारांचे पगार दाखवावे लागत नाहीत. किंमत खर्च अधिक ठरावीक नफा अशी असेल, तरच त्या कामाचा सर्व खर्च उघड करणे सयुक्तिक ठरते.

पुष्कळदा किमतीचा एक भाग निश्चित आणि दुसरा बदलता असतो. अशा वेळी तपासणी बदलत्या भागापुरती ठेवली जाते.

## उदाहरण

पुण्याजवळील भोसरी औद्योगिक वसाहतीत शाफ्ट बनविणारा एक काल्पनिक लघुउद्योग घेऊ. तो एका वाहन कंपनीला दर तिमाहीस १५,००० शाफ्ट पुरवतो. एका शाफ्टची मूळ किंमत २०० रुपये आहे. त्यातील ९८ रुपये पोलादाचे आहेत (१.४ किलोग्रॅम, ७० रुपये प्रतिकिलो) आणि उरलेले १०२ रुपये यंत्रकाम, मजुरी, इतर खर्च व नफा यांचे. पोलादाचा भाग दर तिमाहीस प्रत्यक्ष खरेदीदराप्रमाणे बदलतो; १०२ रुपये वर्षभर निश्चित आहेत.

कंपनीच्या मसुद्यातील कलम असे होते: “खरेदीदार किंवा त्याचे प्रतिनिधी कोणत्याही वेळी पुरवठादाराच्या जागेची, हिशेबपुस्तकांची व अभिलेखांची तपासणी करू शकतील. कोणतीही तफावत आढळल्यास ती रक्कम व तपासणीचा खर्च पुरवठादार देईल.”

येथे कंपनीची रास्त गरज एकच आहे: पोलादाचा दर खरा लावला गेला की नाही हे पाहणे. त्यासाठी त्या तिमाहीतील पोलाद खरेदीची देयके पुरतात. हिशेबपुस्तके खुली केल्यास मात्र १०२ रुपयांची फोडही दिसते. त्यात २२ रुपये नफा आहे हे कळल्यावर पुढील वर्षीची दराची बोलणी त्या आकड्यापासून सुरू होतात. याकरिता पुरवठादाराने सुचविलेले कलम पुढीलप्रमाणे होते:

“खरेदीदारास १० कामाच्या दिवसांची लेखी सूचना देऊन, १२ महिन्यांतून एकदा, कामाच्या वेळेत, पोलादाच्या दरातील फरकाची पडताळणी करता येईल. पडताळणी उभयपक्षी मान्य स्वतंत्र सनदी लेखापाल करील. तो गोपनीयता करार करील, लगतच्या २ वर्षांतील पोलाद खरेदीची देयके पाहील आणि सूत्र बरोबर लावले की नाही व फरक असल्यास किती, एवढेच खरेदीदारास कळवील. निश्चित किमतीचे घटक व इतर ग्राहकांची माहिती पडताळणीच्या कक्षेबाहेर राहील.”

पडताळणीत एका तिमाहीत चूक आढळली असे मानू. पोलादाचा खरा दर ७३ रुपये असताना देयके ७५ रुपयांनी काढली गेली होती. कारकुनाने पुढच्या महिन्याचा दर लावला होता. प्रतिनग २.८० रुपये याप्रमाणे १५,००० नगांवर ४२,००० रुपये जादा आकारले गेले. त्या तिमाहीची एकूण देयके ३१,०५,००० रुपयांची असल्याने हे प्रमाण सुमारे १.३५ टक्के होते.

यानंतर काय घडते, हे कलमातील पुढच्या दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे नमुन्यावरून केलेला विस्तार. मूळ मसुद्यात त्याला आळा नव्हता. लेखापरीक्षक एका तिमाहीतील चूक तीन वर्षांच्या १२ तिमाहींत धरून ५,०४,००० रुपयांची मागणी करू शकला असता आणि ती चुकीची ठरविण्याचे काम पुरवठादारावर पडले असते. म्हणून “वसुली केवळ प्रत्यक्ष आढळलेल्या व देयकनिहाय दाखविलेल्या फरकाची होईल” असे वाक्य आवश्यक असते. कमी आकारणी आढळल्यास तीही वजावटीस धरावी, असे त्यासोबत लिहिले जाते.

दुसरी गोष्ट खर्चाची. लेखापालाचे शुल्क ६०,००० रुपये धरल्यास, मूळ मसुद्याप्रमाणे ४२,००० रुपयांच्या चुकीपायी पुरवठादाराला एकूण १,०२,००० रुपये द्यावे लागले असते. सुधारित मसुद्यात खर्च खरेदीदाराचा आहे. तपासलेल्या कालावधीतील जादा आकारणी ५ टक्क्यांहून अधिक असेल तरच तो पुरवठादाराकडे जातो. या अटीने मोठ्या गैरप्रकाराला दंड बसतो आणि किरकोळ चुकीला बसत नाही. चुकीची रक्कम मात्र दोन्ही प्रसंगी परत करावीच लागते.

## परीक्षकाची निवड

परीक्षक कोण, हा मुद्दा पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. “त्याचे प्रतिनिधी” या शब्दांत पुरवठादाराचा प्रतिस्पर्धीही बसू शकतो. वसूल रकमेच्या टक्केवारीवर मोबदला घेणाऱ्या परीक्षकाला फरक शोधण्यात स्वतःचा लाभ असतो. त्यामुळे हे दोन्ही स्पष्टपणे वगळले जातात. अहवालाचा मसुदा प्रथम पुरवठादाराला द्यावा व उत्तरासाठी किमान १५ दिवस असावेत, अशी तरतूदही केली जाते. अनेक तफावती हरवलेल्या चलनामुळे किंवा नंतर दिलेल्या जमापत्रामुळे दिसतात आणि कागद दाखविल्यावर मिटतात.

## तपासणी आणि थकीत देयके

तपासणी सुरू असल्याचे कारण देऊन चालू देयके अडवली गेल्यास लहान उद्योगाची रोकड अडकते. म्हणून “तपासणी प्रलंबित असल्याने निर्विवाद रक्कम रोखली जाणार नाही” असे लिहून घेतले जाते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ चे कलम १५ येथे सूक्ष्म व लघु पुरवठादारांना साहाय्यभूत ठरते. त्यानुसार उभयपक्षी ठरलेली मुदतही माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास तो स्वीकारला असे मानले जाते. मागाहून होणारी हिशेब तपासणी ही अशी हरकत नव्हे.

## मर्यादांच्या सीमा

काही मर्यादा मान्य होत नाहीत किंवा टिकत नाहीत. बँकेला माहिती तंत्रज्ञान सेवा देणाऱ्याला तपासणीचा हक्क फार आवळता येत नाही, कारण भारतीय रिझर्व्ह बँकेच्या बाह्यस्रोत सेवांविषयीच्या निर्देशांनुसार बँकेला तो करारात ठेवावा लागतो. युरोपीय संघातील व्यक्तींची माहिती तेथील कंपनीसाठी हाताळणाऱ्या पुरवठादाराला सामान्य विदा संरक्षण नियमाच्या अनुच्छेद २८ मुळे तपासणीस सहकार्य करावे लागते. अशा ठिकाणी सूचना, वेळ, गोपनीयता व खर्च यांविषयी बोलता येते. मूळ हक्काविषयी नाही. अनेक खरेदीदार प्रत्यक्ष भेटीऐवजी आयएसओ २७००१ प्रमाणपत्र किंवा स्वतंत्र परीक्षकाचा अहवाल प्रथम स्वीकारतात आणि त्यात त्रुटी दिसल्यासच भेट देतात.

वर्षातून एकदा व सूचनेनंतर, या अटींनाही अपवाद ठेवावे लागतात. गैरव्यवहाराचा लेखी कारणांसह संशय, सुरक्षिततेशी निगडित दोष आणि नियामकाचा आदेश हे सर्वसाधारण अपवाद होत. ते नसलेला मसुदा जबाबदार खरेदीदार बहुधा नाकारतो.

मागील किती काळाचे अभिलेख दाखवायचे, याची मर्यादा घालताना भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २८ लक्षात घ्यावे लागते. दोन वर्षांपूर्वीचे अभिलेख दाखविले जाणार नाहीत, असे ठरविता येते. परंतु दोन वर्षांनंतर खरेदीदाराचा दावाच संपेल किंवा त्याला न्यायालयात जाता येणार नाही, अशी अट त्या कलमामुळे निरर्थक ठरू शकते. कंपनी म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराला कंपनी अधिनियम, २०१३ नुसार हिशेबपुस्तके किमान ८ वर्षे जपावी लागतात. ती जपण्याचे बंधन आणि खरेदीदाराला ती दाखविण्याचे बंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## हे सुद्धा पहा

* लेखापरीक्षण
* भारतीय करार अधिनियम, १८७२
* सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग