एपीआय पृष्ठांकन

एपीआय पृष्ठांकन म्हणजे एखाद्या सर्व्हरकडील मोठ्या नोंदसंचाचे लहान पानांत तुकडे पाडून, एकामागून एक विनंत्या करून तो संच मिळविण्याची पद्धत होय. बहुतेक सार्वजनिक एपीआय एका विनंतीत ठरावीक संख्येपेक्षा अधिक नोंदी देत नाहीत. गिटहब व स्ट्राइप यांच्या बहुतांश याद्यांना ही मर्यादा १०० नोंदींची आहे. म्हणून दर तासाला बदललेल्या नोंदी डेटा वेअरहाऊसमध्ये आणणाऱ्या कार्यक्रमाला अनेक पाने क्रमाने वाचावी लागतात. वाचन चालू असतानाही मूळ प्रणालीत नोंदी बदलत असतात आणि बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात. अशा वेळी एखादी नोंद सुटली तरी कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. काम यशस्वी झाल्याची नोंद होते आणि वेअरहाऊसमधील आकडे मात्र चुकीचे राहतात.

## स्थानावर आधारित पृष्ठांकन

सर्वांत प्रचलित पद्धतीत `limit` आणि `offset` अशी दोन मूल्ये पाठवली जातात. पहिल्या मूल्याने पानावर किती नोंदी हव्यात हे कळते, तर दुसऱ्याने सुरुवातीच्या किती नोंदी वगळायच्या हे ठरते. `page=1`, `page=2` अशी पानांची संख्या मागणे हे याच पद्धतीचे दुसरे रूप आहे. या पद्धतीत नोंद तिच्या ओळखीवरून नव्हे, तर रांगेतील जागेवरून मागितली जाते. रांग हलली की जागेचा अर्थ बदलतो.

उदाहरणादाखल पुस्तकविक्रीच्या एका काल्पनिक प्रणालीतील १०१ ते ११० या क्रमांकांच्या दहा मागण्या घेऊ. सकाळी १० ते ११ या तासात त्या बदलल्या असून, बदलाच्या वेळेनुसार चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत. एका पानावर चार नोंदी मिळतात. ११ वाजून ५ मिनिटांनी वाचन सुरू होते आणि पहिल्या पानावर १०१, १०२, १०३ व १०४ येतात. दुसरे पान मागण्याआधी, ११ वाजून ६ मिनिटांनी, मागणी १०२ चा ग्राहक आपला पत्ता बदलतो. त्या नोंदीची बदलवेळ नवी होते आणि ती रांगेच्या शेवटी जाते. आता रांग अशी दिसते:

```
101 103 104 105 | 106 107 108 109 | 110 102
```

`offset=4` या दुसऱ्या विनंतीला १०६ ते १०९ मिळतात आणि तिसरीला ११० व १०२. मागणी १०५ एक जागा पुढे सरकून आधीच वाचलेल्या पानात गेल्यामुळे ती कोणत्याही पानावर आलीच नाही. मिळालेल्या ओळी मोजल्या तर त्या बरोबर दहाच भरतात, कारण १०२ दोनदा आलेली आहे. केवळ एकूण संख्या ताडून पाहणाऱ्या तपासणीला ही चूक सापडत नाही. वेगवेगळे ओळखक्रमांक मोजले, तरच ते नऊ असल्याचे दिसते. पुढील तासाचे वाचन आतापर्यंतच्या सर्वांत अलीकडच्या बदलवेळेपासून सुरू होत असेल, तर १०५ ही नोंद पुन्हा कधी बदलेपर्यंत वेअरहाऊसमध्ये येत नाही.

या पद्धतीचा दुसरा दोष खर्चाचा आहे. पोस्टग्रेसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये वगळायच्या ओळीही सर्व्हरला आधी काढाव्या लागतात आणि मग टाकून द्याव्या लागतात. २,४०,००० नोंदी १०० च्या पानांनी वाचायच्या झाल्यास २,४०० विनंत्या लागतात. शेवटच्या एका विनंतीसाठी २,३९,९०० ओळी टाकल्या जातात. सर्व विनंत्या मिळून टाकलेल्या ओळींची संख्या २८ कोटी ७८ लाख ८० हजार होते. परिणामी शेवटची पाने मंद होत जातात, वाचनाचा काळ लांबतो आणि त्या काळात रांग हलण्याची शक्यताही वाढते.

## मूल्यावर आधारित पृष्ठांकन

यावरील उपाय म्हणजे जागेऐवजी शेवटी वाचलेल्या नोंदीचे मूल्य पाठवणे. 'पहिल्या चार सोडून पुढच्या द्या' असे न म्हणता 'या नोंदीच्या नंतरच्या द्या' असे सांगितले जाते. आधीच्या नोंदी रांगेतून निघून गेल्या, तरी या वाक्याचा अर्थ बदलत नाही. योग्य निर्देशांक असल्यास डेटाबेस थेट त्या ठिकाणी पोचतो, म्हणून शेवटचे पानही पहिल्याइतक्याच वेगाने मिळते.

केवळ बदलवेळ हे मूल्य मात्र पुरेसे नसते. वरील उदाहरणात १०४, १०५ आणि १०६ या तिन्ही मागण्या एकाच सेकंदाला, १०:१७:४२ वाजता, बदलल्या असे मानू. पहिले पान १०४ वर संपते. 'या वेळेनंतरच्या नोंदी' मागितल्यास १०५ व १०६ सुटतात. 'या वेळेच्या किंवा नंतरच्या' मागितल्यास त्या मिळतात. परंतु एखाद्या घाऊक दुरुस्तीने हजारो नोंदींना एकच वेळ दिली असेल, तर तेच पान पुन्हापुन्हा येत राहते आणि वाचन पुढे सरकत नाही. म्हणून वेळेच्या जोडीला कधीही न बदलणारा, एकमेव असा ओळखक्रमांक घेतात आणि क्रम व तुलना या दोन्हींत ही जोडी वापरतात:

```sql
SELECT id, status, updated_at
FROM orders
WHERE (updated_at, id) > ('2024-03-04 10:17:42', 104)
  AND updated_at < '2024-03-04 11:00:00'
ORDER BY updated_at, id
LIMIT 4;
```

क्वेरीतील ११ वाजताची वरची मर्यादाही महत्त्वाची आहे. ती वाचन सुरू होतानाच ठरवतात आणि शेवटच्या पानापर्यंत बदलत नाहीत. ११ वाजून ६ मिनिटांनी बदललेली मागणी १०२ आता या वाचनाच्या कक्षेबाहेर जाते आणि तिचे नवे रूप पुढील तासात येते. मागणी १०५ दुसऱ्या पानाच्या आरंभी मिळते.

अनेक एपीआय ही जोडी उघडपणे न देता 'कर्सर' नावाची सांकेतिक अक्षरमाला देतात. ती जशी मिळाली तशीच पुढच्या विनंतीत परत पाठवायची असते; तिची रचना स्वतः ठरवू नये. कर्सर शब्द वापरणाऱ्या प्रत्येक एपीआयची आतील पद्धत मूल्याधारितच असते असेही नाही, त्यामुळे दस्तऐवजातून खात्री करून घेणे आवश्यक ठरते.

वाचन केव्हा थांबवायचे हे सर्व्हरने दिलेल्या खुणेवरून ठरवावे. गिटहब `Link` शीर्षकात `rel="next"` देतो, तर स्ट्राइपच्या उत्तरात `has_more` असते. पान अपुरे किंवा रिकामे आले म्हणजे शेवट आला, असे मानणे चुकीचे ठरू शकते. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीमध्ये एका विनंतीत जास्तीत जास्त १ एमबी डेटा वाचला जातो आणि गाळणी त्यानंतर लागू होते. त्यामुळे एकही नोंद नसलेल्या पानासोबतही `LastEvaluatedKey` येऊ शकते, म्हणजेच पुढे वाचण्यासारखे बरेच उरलेले असू शकते.

## उशिरा दिसणाऱ्या नोंदी

नोंदीवरील बदलवेळ आणि ती नोंद इतरांना दिसू लागण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्टग्रेसक्यूएलमधील `now()` हे व्यवहार सुरू झाल्याची वेळ देते, तो पूर्ण झाल्याची नव्हे. समजा, एक व्यवहार १० वाजून ५८ मिनिटांनी सुरू झाला आणि ११ वाजून ८ मिनिटांनी पूर्ण झाला. नोंदीवर १०:५८ ही वेळ पडते, परंतु ११:०५ चे वाचन तोवर आटोपले असेल तर त्याला ती दिसत नाही. पुढील वाचन ११:०० पासून सुरू झाल्यास त्यालाही ती मिळत नाही. पृष्ठांकन निर्दोष असूनही नोंद कायमची सुटते.

यासाठी प्रत्येक वाचन मागच्या मर्यादेच्या काही मिनिटे अलीकडून सुरू करतात. पंधरा मिनिटांची पुनरावृत्ती ठेवल्यास १२:०५ चे वाचन १०:४५ पासून सुरू होते आणि वरील नोंद सापडते. पुनरावृत्तीचा काळ मूळ प्रणालीतील सर्वांत लांब व्यवहारापेक्षा मोठा असावा लागतो. यामुळे काही नोंदी दोनदा येतात. म्हणून वेअरहाऊसमध्ये त्या नुसत्या जोडत न जाता ओळखक्रमांकानुसार 'अपसर्ट' करतात. म्हणजे नोंद नसल्यास घालतात आणि असल्यास अद्ययावत करतात. अद्ययावत करताना आलेली बदलवेळ साठवलेल्या वेळेपेक्षा जुनी नाही, ही अटही घालतात.

## वॉटरमार्क आणि खंडित वाचन

कोणत्या वेळेपर्यंतचे वाचन पूर्ण झाले, हे दर्शविणाऱ्या साठवलेल्या मूल्यास 'वॉटरमार्क' म्हणतात. वरील उदाहरणात ते ११:०० होईल. हे मूल्य केव्हा पुढे सरकवायचे, हा कळीचा प्रश्न आहे. नऊ पानांच्या वाचनात सहाव्या पानाला सर्व्हरने `429` हा, विनंत्या अति झाल्याचा, संकेत दिला आणि कार्यक्रम थांबला असे समजू. वॉटरमार्क आरंभीच सरकवला असेल, तर उरलेली चार पाने हरवतात. म्हणून सर्व पाने आधी एका तात्पुरत्या तक्त्यात घेतात. शेवटचे पान आल्यावर अपसर्ट आणि नवा वॉटरमार्क हे दोन्ही एकाच व्यवहारात नोंदवतात. वाचन मध्येच तुटल्यास वॉटरमार्क जुनाच राहतो आणि तोच कालखंड पुन्हा वाचता येतो. `429` सोबत `Retry-After` शीर्षक असल्यास तेवढा काळ थांबून तेच पान पुन्हा मागतात. ते सोडून पुढे जात नाहीत.

## मर्यादा आणि पडताळणी

मूळ प्रणालीतून पूर्णपणे पुसलेली नोंद या पद्धतीने कळत नाही, कारण पुसलेल्या ओळीला बदलवेळच उरत नाही. तसेच एका तासात नोंद तीनदा बदलली, तर सामान्यतः तिचे अखेरचे रूपच मिळते. पुसलेल्या नोंदी ओळखण्यासाठी मूळ प्रणालीत 'रद्द' अशी खूण ठेवावी लागते किंवा ठरावीक काळाने सर्व ओळखक्रमांकांची यादी आणून ताडावी लागते.

सुटलेल्या नोंदी शोधण्यासाठी मागील दिवसांच्या संख्यांची मूळ प्रणालीशी तुलना करतात. ही तुलना बदलवेळेनुसार न करता निर्मितीच्या दिनांकानुसार करावी. बदलवेळ सतत पुढे जात असल्याने कालची संख्या आज कमी भरते, तर निर्मितीचा दिनांक स्थिर राहतो. संख्या जुळल्या, तरी त्यावरून केवळ नोंदींचे अस्तित्व सिद्ध होते. मागणी १०५ वेअरहाऊसमध्ये आधीपासून जुन्या रूपात असेल, तर तिचा सुटलेला बदल संख्येत दिसत नाही. तो पकडण्यासाठी ओळखक्रमांक आणि बदलवेळ यांच्या जोड्याच दोन्हीकडे ताडून पाहाव्या लागतात.