वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती जाते तेव्हा

ओपन सोर्स परवान्यांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाने, मग तो वकील असो की प्रोग्रामर, सुरुवातीला एकच प्रश्न धरून ठेवावा: कोड कंपनीबाहेर कुणाच्या हाती गेला का? जीपीएलसारखा परवाना कोड वापरण्यावर जवळपास काहीच अट घालत नाही. लिनक्स कंपनीच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षे चालवा, त्यात हवे ते बदल करा, कुणाला काही द्यावे लागत नाही. अटी लागू होतात त्या प्रत दुसऱ्याला देताना. याचे कारण कॉपीराइटच्या कायद्यात आहे. भारतातही 1957 च्या कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते, आणि तिच्या प्रती काढून वाटण्याचा हक्क मूळ कर्त्याचा असतो. परवाना ही त्या कर्त्याने दिलेली अटींसह परवानगी आहे. अट मोडली की परवानगी जाते, आणि उरते ते कॉपीराइटचे उल्लंघन.

या क्षेत्राची ओळख करून घ्यायला लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी54जी या घरगुती वायफाय राउटरइतके चांगले प्रकरण मला दुसरे दिसत नाही. हा राउटर 2002 च्या अखेरीस बाजारात आला. 2003 मध्ये सिस्कोने लिंकसिस कंपनी विकत घेतली, आणि त्याच वर्षी जाणकारांच्या लक्षात आले की राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स आहेत. दोन्ही जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली, पण सोर्स कोड मात्र कुठेच दिलेला नाही. हे सॉफ्टवेअर सिस्कोने लिहिलेले नव्हते. चिप ब्रॉडकॉमची, राउटर तैवानच्या कंत्राटदाराने घडवलेला, त्यावर नाव लिंकसिसचे, आणि लिंकसिसची मालकी तेव्हा सिस्कोकडे. ‘आम्हाला वरून असेच मिळाले’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण साखळीतला जो जो कोणी प्रत पुढे देतो, त्या प्रत्येकावर बंधन स्वतंत्रपणे येते. म्हणूनच दुसरी कंपनी विकत घेण्याआधी तिच्या मालातला कोड तपासणे हे आता या व्यवसायातले नित्याचे काम झाले आहे.

तपासणीची पहिली पायरी अवघड नसते. फर्मवेअरची फाइल उघडून आत काय आहे ते पाहायचे:

```
binwalk -e -C out firmware.bin
grep -rl BusyBox out/
```

दुसऱ्या ओळीला एखाद्या फाइलचे नाव आले, तर चौकशी सुरू करायला तेवढा आधार पुरतो.

मग द्यायचे काय? जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे तिसरे कलम विक्रेत्याला दोन मार्ग देते. एकतर मालासोबतच सोर्स द्यावा, किंवा किमान तीन वर्षे टिकणारे लेखी आश्वासन द्यावे की जो कोणी मागेल त्याला प्रत देण्यापुरत्या खर्चात सोर्स मिळेल. हा मागणारा आपला गिऱ्हाईकच असावा, अशी अट नाही. आणि सोर्स म्हणजे नुसत्या सी भाषेतल्या फाइली नव्हेत. कोड संकलित करून यंत्रावर बसवण्याची सूत्रे हाती ठेवणाऱ्या स्क्रिप्टसुद्धा त्यात येतात. अनेक कंपन्या इथेच अडखळतात. त्या प्रामाणिकपणे सोर्स देतात, पण तो इंटरनेटवरून उतरवलेला मूळ कर्नल असतो. राउटरमध्ये गेलेला, त्यांनी किंवा चिपवाल्याने बदललेला कर्नल नव्हे. कसोटी सोपी आहे. ज्या अभियंत्याने हे काम कधी पाहिलेले नाही, त्याला दिलेली सामग्री घेऊन कोऱ्या यंत्रावर बसवावे. विकलेल्या आवृत्तीचा प्रोग्राम त्यातून तयार झाला नाही, तर काहीतरी राहिले आहे. ही चाचणी माल बाहेर पडण्याच्या दिवशीच घ्यावी. दोन वर्षांनी मागणी येते तेव्हा तो कंपायलर आणि ती माणसे दोन्ही हाताशी नसतात.

दबाव वाढल्यावर 2003 मध्येच लिंकसिसचा सोर्स खुला झाला, आणि त्यातून 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, जो आज असंख्य राउटरवर चालतो. तरी गोष्ट तिथे संपली नाही. लिंकसिसच्या इतर उत्पादनांवरून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर 2008 मध्ये सिस्कोवर दावा लावला. मे 2009 मध्ये तो तडजोडीने मिटला. लिंकसिससाठी या परवान्यांच्या पालनावर देखरेख करणारा स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे सिस्कोने मान्य केले. अशा खटल्यांत मागणी बहुधा पैशांपेक्षा पालनाची असते, हे नवख्या वकिलाने लक्षात ठेवावे.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. खुल्या झालेल्या त्या सोर्समध्ये ब्रॉडकॉमचा वायफाय ड्रायव्हर नव्हता. तो केवळ संकलित रूपात आला, आणि त्याच्यापायी ओपनडब्ल्यूआरटीला या राउटरवर बराच काळ कर्नलच्या जुन्या 2.4 मालिकेत अडकून राहावे लागले. कर्नलमध्ये चढवला जाणारा असा ड्रायव्हर कर्नलचाच भाग मानायचा, की एका डिस्कवर शेजारी ठेवलेला स्वतंत्र प्रोग्राम? माझे मत पहिल्या बाजूला झुकते, कारण तो कर्नलच्या आतल्या रचनांवरच उभा असतो. पण जाणकारांत यावर एकमत नाही, आणि पुढच्या प्रकरणांतला बराच वाद याच रेषेभोवती फिरतो.