निफाडची थंडी आणि ऑक्सफर्डचे घड्याळ

मागच्या जानेवारीत बारावीच्या मुलांनी केलेल्या एका प्रयोगाचे उत्तर दीड आले. पुस्तकाप्रमाणे ते 1 यायला हवे होते. मुलांच्या मनात मात्र 2 होते. दीड कुणालाच नको होते.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, रसायनशास्त्राशी माझा संबंध नाही. पण आमच्याकडची काही मुले दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकून मग विज्ञान शाखेला जातात. त्यांना ‘तआमुल’ माहीत असतो, ‘अभिक्रिया’ नसते. ‘इर्तिकाज़’ कळतो, ‘संहती’ कळत नाही. म्हणून विज्ञानाच्या सरांनी मला प्रयोगाचा कागद सोपा करून द्यायला बोलावले. कागद सोपा करायचा तर प्रयोग बघायला हवा, म्हणून मी प्रयोगशाळेत बसलो. मग या प्रयोगाच्या इतिहासात शिरलो आणि अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

प्रयोगाचे नाव ‘आयोडीन घड्याळ’. दोन भांडी, दोन्हींत पाण्यासारखे रंगहीन द्रावण. एकात पोटॅशियम आयोडाइड, थोडे आम्ल, थोडे स्टार्च आणि मोजून 5 मिली हायपो. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओत फिल्म धुणाऱ्यांना हे नाव अजून आठवेल. दुसऱ्या भांड्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळते तेच, दहा पट पाणी घालून पातळ केलेले. दोन्ही एकत्र ओतले की काही होत नाही. मिनिट जाते, दोन मिनिटे जातात, आणि अचानक, कुणी दिवा घालवावा तसे, सगळे भांडे गडद निळे होते.

खरे तर ओतल्या क्षणापासून आत काम सुरू असते. पेरॉक्साइड आयोडाइडपासून आयोडीन तयार करत असते. पण तयार झालेले आयोडीन हायपो लगेच परत आयोडाइड करून टाकतो. हायपो आहे तोवर आयोडीन साठत नाही. तो संपला की पुढचे आयोडीन मोकळे राहते, स्टार्चला भेटते आणि निळे होते. म्हणजे निळा रंग अभिक्रिया सुरू झाल्याची खूण नव्हे, ठरलेले एक माप पूर्ण झाल्याची खूण आहे. हायपो दर वेळी तेवढाच असेल तर माप तेवढेच, आणि ते भरायला किती सेकंद लागले यावरून वेग कळतो. निम्म्या वेळात भरले तर वेग दुप्पट.

स्टार्चसाठी सरांनी साबुदाणा उकळून त्याचे पाणी गाळून घेतले होते. एक मुलगा म्हणाला, “सर, कांदा का नाही वापरायचा? लासलगावात कांद्याला काय तोटा?” सरांनी कांद्याची फोड कापून त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. डाग तपकिरीच राहिला. कांदा आपला साठा शर्करा आणि फ्रुक्टन या रूपात ठेवतो, स्टार्चच्या रूपात जवळजवळ नाहीच. शेजारी बटाट्याची फोड ठेवली, ती काळीनिळी झाली.

आता प्रश्न असा, की आयोडाइड दुप्पट केले तर वेग किती पट होतो? वेग दुप्पट झाला तर आयोडाइडच्या बाबतीत अभिक्रियेची कोटी 1. चौपट झाला तर कोटी 2. काहीच बदलला नाही तर शून्य. मुलांच्या मनात 2 का होते, तर फळ्यावर समीकरण लिहिलेले होते: H₂O₂ + 2I⁻ + 2H⁺ → I₂ + 2H₂O. त्यात आयोडाइडच्या आधी 2 आहे, मग कोटीही 2 असणार, असा सरळ हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे आणि तो चुकीचा का, हे दाखवायलाच तर हा प्रयोग असतो.

दर वेळी एकूण द्रावण 100 मिली ठेवले, पेरॉक्साइड, आम्ल, हायपो, स्टार्च तेवढेच. आयोडाइड आधी 10 मिली, मग 20, मग 40. उरलेली भर पाण्याने. सकाळी आठला पहिले भांडे ओतले. 285 सेकंद लागले. मग भांडी धुतली, मापे घेतली, वह्या लिहिल्या, हजेरी झाली. 20 मिलीचे भांडे 111 सेकंदांत निळे झाले. 40 मिलीचे झाले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. त्याला 38 सेकंद लागले.

आयोडाइड चौपट झाले आणि वेग साडेसात पट. कोटी 1 असती तर चौपट व्हायला हवा होता, 2 असती तर सोळा पट. चारचा दीडवा घात आठ येतो, म्हणून कोटी साधारण दीड. एका मुलीने दबक्या आवाजात विचारले, “सर, दोनच्या जवळ आहे ना? दोन लिहू?” मागच्या बाकावर कुणाकडे मागच्या वर्षीची वही होती, तीत 1 होते. तिघांनी ते उतरवायलाही घेतले. हे आपल्याकडे सर्रास चालते, ते मी नव्याने सांगायला नको.

या पेरॉक्साइड-आयोडाइड जोडीवर पहिले नीट काम झाले ते 1860च्या दशकात, ऑक्सफर्डला. ऑगस्टस व्हर्नन हार्कोर्ट हे ख्राइस्ट चर्च कॉलेजातले रसायनशास्त्रज्ञ. ‘अ‍ॅलिस’ लिहिणारा लुईस कॅरोल त्याच कॉलेजात गणित शिकवायचा. हार्कोर्टना रसायन येत होते, पण आकड्यांतून नियम काढायला गणिती हवा होता. तो विल्यम एसन यांच्या रूपाने मिळाला. दोघांचा पहिला निबंध 1866 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला आणि तो पेरॉक्साइडवर नव्हता, परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लावर होता. त्यात ते फसले म्हणा ना. ती अभिक्रिया चालू असताना जो मँगनीजचा क्षार तयार होतो, तोच तिचा वेग वाढवतो. म्हणजे वेग संहतीमुळे बदलतोय की आपल्याच उत्पादनामुळे, हे वेगळे काढणे जड गेले. म्हणून त्यांनी साधी अभिक्रिया शोधली आणि 1867च्या निबंधात पेरॉक्साइड व आयोडाइड आले.

त्यांची पद्धत आमच्या मुलांपेक्षा चतुर होती. निळा रंग आला की ते भांडे टाकून द्यायचे नाहीत. त्यातच अगदी तीव्र हायपोचा मोजका छोटासा भाग आणखी घालायचा. रंग जायचा, काही वेळाने पुन्हा यायचा. पुन्हा हायपो, पुन्हा वाट. एकाच भांड्यात कितीतरी नोंदी. हायपो दर वेळी आयोडीनचे आयोडाइड करून टाकत असल्यामुळे आयोडाइड कमी होतच नाही. खर्च होते ते फक्त पेरॉक्साइड. त्यामुळे वाट बघण्याची वेळ हळूहळू लांबत जाते, आणि पेरॉक्साइड निम्मे उरले की त्याच मापाला साधारण दुप्पट वेळ लागतो. एसननी दाखवले की सारख्या अंतराने वेळ मोजली तर उरलेले पेरॉक्साइड दर वेळी ठरलेल्या पटीने घटते. पेरॉक्साइडच्या बाबतीत ही कोटी 1 झाली. वेगवेगळ्या भांड्यांत आयोडाइड बदलून पाहिले, तर वेग त्याच्याही सरळ प्रमाणात आला. समीकरणात 2 असताना.

पटीने घटण्याचा हाच नियम आपल्या लासलगावातही रोज चालू असतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, इथे आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तिथे कोबाल्ट-60चे गॅमा किरण वापरतात. तो कोबाल्ट साधारण सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, पुढच्या सव्वापाचात त्याच्या निम्मा. फरक इतकाच की कोबाल्टला थंडी-ऊन काही कळत नाही. पेरॉक्साइडला कळते.

आणि आमची गफलत तिथेच होती. लासलगाव निफाड तालुक्यात येते, आणि हिवाळ्यात निफाडचा पारा किती घसरतो हे दरवर्षी पेपरात येतेच. सकाळी आठला पहिले भांडे ओतले तेव्हा द्रावण 16 अंशांवर होते. साडेदहाला खिडकीतून ऊन आले होते आणि द्रावण 24 अंशांवर पोचले होते. ही अभिक्रिया दहा अंशांनी तापली की वेग साधारण दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे मुलांनी आयोडाइड बदलले, आणि नकळत सूर्यानेही एक गोष्ट बदलली. सगळ्यात कमी आयोडाइडचे भांडे सगळ्यात थंड, सगळ्यात जास्तीचे सगळ्यात उबदार. दोन्ही बदल एकाच दिशेने गेले, म्हणून आकडे विस्कटलेले दिसले नाहीत. अगदी नेटके, चढते, आणि चुकीचे दिसले. उलट क्रमाने, म्हणजे आधी 40 मिली, प्रयोग केला असता तर कोटी 1पेक्षा कमी आली असती.

हे ओळखायचे कसे? सरांनी एक साधी युक्ती सांगितली. आयोडाइडचे मिली गुणिले सेकंद करा. कोटी 1 असेल तर गुणाकार सारखा राहायला हवा. इथे आले 2850, 2220 आणि 1520. सारखे नाहीत. यावरून एवढेच कळते की एकतर कोटी 1 नाही, किंवा आणखी काहीतरी बदलतेय. दोहोंतले कोणते, ते मात्र आकडे सांगत नाहीत. त्यासाठी थर्मामीटर लागतो, आणि पहिल्या दिवशी तो कपाटातून उशिराच बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचे टब आणले, त्यात कोमट पाणी घालून 25 अंशांवर आणले आणि सगळी द्रावणे ओतण्याआधी तिथे बुडवून ठेवली. या वेळी 10, 20, 30, 40 मिलीला 141, 71, 47 आणि 36 सेकंद लागले. गुणाकार 1410, 1420, 1410, 1440. शेवटचा थोडा वर आहे. 36 सेकंदांत एका सेकंदाची चूकही अडीच-तीन टक्के होते, तेवढी हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचला माफ. पेरॉक्साइड आदल्या दिवशीच्याच बाटलीतले होते, हेही सरांनी मुद्दाम पाहिले. उघडी बाटली दिवसेंदिवस कमजोर होत जाते आणि मग दोन दिवसांचे आकडे एका तक्त्यात बसत नाहीत.

समीकरणात 2 आणि घड्याळात 1, याचे कारण मुलांना पटले ते असे. समीकरण हे सगळ्या व्यवहाराचे अंतिम बिल आहे. व्यवहार मात्र टप्प्याटप्प्याने होतो. आधी पेरॉक्साइडचा एक रेणू आयोडाइडच्या एका आयनाला भेटतो. हा टप्पा हळू. त्यातून जे बनते ते दुसऱ्या आयोडाइडला झटकन गाठते. वेळ जातो तो पहिल्या भेटीत, म्हणून घड्याळ पहिल्याच आयोडाइडची गणती करते. सरांनी लगेच सावधही केले, की कोटी 1 आली यावरून हेच टप्पे सिद्ध होत नाहीत. ती या टप्प्यांशी जुळते, इतकेच.

हार्कोर्ट आणि एसन तापमानाच्या प्रश्नाला पुढे कितीतरी वर्षे चिकटून राहिले. 1912 साली, दोघेही म्हातारे झालेले असताना, त्यांनी आपल्या आकड्यांवरून हिशेब केला, की कोणत्या तापमानाला ही अभिक्रिया पूर्ण थांबेल. उत्तर उणे 273 अंशांच्या अगदी जवळ आले. वाट पाहण्याचे सेकंद मोजून केवलशून्याशी पोचणे, यातला आनंद मला भाषेच्या मास्तरालाही समजतो. मधल्या काळात, 1886 साली, लँडोल्टने आयोडेट आणि सल्फाइट वापरून दुसरे घड्याळ केले, ते रंगमंचावर जास्त प्रसिद्ध झाले. त्याचे गणित मात्र बारावीच्या वहीत मावणारे नाही.

वहीचे काय करायचे, यावर वर्गात थोडी वादावादी झाली. सरांनी पहिला तक्ता खोडू दिला नाही. दोन्ही तक्ते राहिले, आणि पहिल्याच्या बाजूला मुलांनी पट्टीने आखून एक नवा रकाना काढला: तापमान. 16, 19, 24. मधला 19 आठवणीने लिहिला होता, त्या मुलीने त्यापुढे ‘अंदाजे’ असेही लिहिले.